वर्ग करत करत घात काढणारा लूप: बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं?

सांजवारा

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंटमध्ये खालचा कोड दिलाय आणि प्रश्न असा: n शून्य किंवा धन पूर्णांक असेल तर हा लूप a^n हेच उत्तर देतो, हे फेऱ्यांच्या संख्येवर इंडक्शन करून सिद्ध करा.

```
def ghat(a, n):
    r, b, e = 1, a, n
    while e > 0:
        if e % 2 == 1:
            r = r * b
        b = b * b
        e = e // 2
    return r
```

कोड कळतो. घातांक निम्मा करत जायचं, पायाचा वर्ग करत जायचं, घातांक विषम आला की उत्तरात गुणून घ्यायचं. 3 चा 13 वा घात हाताने काढला, 1594323 बरोबर येतो. पण सिद्धता लिहायला बसलं की पेन हलत नाही. आम्हाला सवय n वरच्या इंडक्शनची: k ला खरं धरायचं, k+1 ला दाखवायचं. इथे 13 वरून 14 वर जायची वाटच दिसत नाही. 13 ला पहिल्याच फेरीत r बदलतो, 14 ला बदलत नाही. मग फेऱ्यांवर इंडक्शन करायचं म्हणजे धरायचं काय आणि दाखवायचं काय? आणि इन्व्हेरियंट सगळेजण आकाशातून पडल्यासारखा लिहून मोकळे होतात, तो सुचतो कसा?

बंडू_बिनधास्त

n ला 0 ते 1000 घाल, a ला पाच-पन्नास आकडे घाल, `a**n` शी ताडून बघ. जुळलं की झालं सिद्ध. मार्कांची जबाबदारी माझी नाही.

कोकणकन्या

एवढं काही अवघड नाही. साधा लूप घ्या, दर फेरीला r = r*a आणि e = e-1. तिथे r = a^(n-e) हा इन्व्हेरियंट असतो, कारण n-e म्हणजे आतापर्यंत उरकलेला घातांक. इथेही e उतरत उतरत 0 होतो, तेव्हा r = a^n. तोच इन्व्हेरियंट लावा, फक्त e जरा झपाट्याने उतरतो एवढंच.

खडूस_मास्तर

कोकणकन्या, लिहिण्याआधी एक फेरी तरी चालवून बघायची होती. 13 ने सुरुवात केली तर पहिल्या फेरीनंतर e = 6 आणि r = 3. तुमच्या सूत्राने r हा 3^7 म्हणजे 2187 हवा. घातांक 13 वरून 6 वर आला म्हणून सात गुणाकार उरकले असं होत नाही. उरकला एकच. बाकीचं काम b च्या अंगावर गेलं, तो 3 चा 9 झाला. तुमच्या सूत्रात b कुठेच नाही, म्हणून ते साध्या लूपला चालतं आणि इथे पहिल्याच पावलाला अडखळतं.

सांजवारा, पूर्ण तक्ता मांडू:

```
फेऱ्या        r           b    e
0             1           3   13
1             3           9    6
2             3          81    3
3           243        6561    1
4       1594323    43046721    0
```

आता इन्व्हेरियंट कसा सुचतो ते बघ. समज, दुसऱ्या फेरीनंतर वीज गेली. तुझ्याकडे कागदावर r=3, b=81, e=3 एवढंच उरलंय; मूळ a आणि n काय होते तेही विसरलास. उरलेलं काम हाताने पुरं करायचं तर काय करशील? 81 चा तिसरा घात काढशील आणि त्याला 3 ने गुणशील. हे कुठल्याही ओळीवर थांबून केलं तरी उत्तर तेच यायला हवं, नाहीतर लूपला अर्थच नाही. म्हणजे r * b^e ही किंमत दर ओळीला तीच राहायला हवी. ताडून बघ: 1 * 3^13, मग 3 * 9^6, मग 3 * 81^3, मग 243 * 6561, आणि शेवटी 1594323 * 1. सगळ्या एकच.

तर r * b^e = a^n हा तुझा इन्व्हेरियंट. एका फेरीत तो टिकतो हे सम आणि विषम अशा दोन भागांत तूच करून इथे टाक. मी तयार वाढणार नाही.

गोगलगाय

म्हणजे r ही जमा, b^e ही थकबाकी, आणि दोन्ही मिळून मूळ रक्कम कायम. फक्त बेरजेऐवजी गुणाकार. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना दाखवायला हवं, त्यांच्या हिशोबात दोन्ही बाजू दर महिन्याला बदलतात.

हिशोबी_म्हातारा

हा लूप सुमारे log n फेऱ्यांत संपतो, एवढंच सिद्ध करायचंय ना? मग फार सोपं आहे. e // 2 म्हणजे दोनअंकी पद्धतीत लिहिलेल्या e चा शेवटचा अंक खोडणं. 13 म्हणजे 1101, चार अंक, चार फेऱ्या. दहा लाखाला वीस अंक, वीस फेऱ्या. अंक संपले की लूप संपला. झालं.

कोकणकन्या

काका, प्रश्न उत्तर बरोबर येतं का हा आहे, किती वेळात येतं हा नाही.

खडूस_मास्तर

प्रश्न तो नसला तरी काकांचं लिखाण कामाला येणार आहे. इन्व्हेरियंट सांगतो की लूप संपला तर उत्तर बरोबर. तो संपतोच, हे वेगळं दाखवावं लागतं, आणि ते काकांनी दाखवलंय. (तुमची दुरुस्ती मान्य, r*b^e वर काही आक्षेप नसेल असं धरतो.)

कोकणकन्या

आक्षेप नाही. b बाहेर ठेवून चालणार नाही हे दिसलं.

अवकाळी

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? n वरच सबळ इंडक्शन करा, म्हणजे n पेक्षा लहान सगळ्या घातांकांना खरं धरा. n सम असेल तर a^n = (a*a)^(n/2), विषम असेल तर त्याला आणखी एक a. n/2 हा n पेक्षा लहान, तिथे धरलेलं लागू होतं, काम तमाम. दोन ओळी. फेऱ्या मोजायची गरजच नाही.

दूरदेशी

अवकाळी, तुम्ही रिकर्जनवाला प्रोग्रॅम सिद्ध केलात. तो `ghat(a*a, n//2)` ला पुन्हा हाक मारतो, त्यामुळे धरलेली गोष्ट आयती लागू होते. लूप कुणाला हाक मारत नाही. 13 घेऊन निघालो की पहिल्या फेरीनंतर स्थिती असते r=3, b=9, e=6. तुम्ही धरलंय ते `ghat(9, 6)` बद्दल, आणि ते r=1 ने सुरू होतं. इथे r तीन आहे. धरलेलं विधान या स्थितीबद्दल चकार शब्द काढत नाही.

पण तुमचा रस्ता टाकून देऊ नका, विधान जरा मोठं करा. असं म्हणा: लूप कुठल्याही r, कुठल्याही b आणि e >= 0 अशा स्थितीतून सोडला तर तो थांबतो आणि r * b^e परत देतो. आता e वर सबळ इंडक्शन करा. e = 0 ला लूप चालतच नाही, r परत येतो, आणि r * b^0 म्हणजे r. e > 0 असेल तर एक फेरी चालवा, नवा e लहान झाला, नव्या r आणि b ला धरलेलं लागू करा. "कुठल्याही r" हे दोन शब्द आले की अडलेली गाडी सुटते. शिवाय लूप थांबतो हेही त्यातच येतं, वेगळं लिहावं लागत नाही.

अवकाळी

म्हणजे जास्त सिद्ध करायला घेतलं की सिद्ध करणं सोपं जातं. उफराटा न्याय आहे. पण आता मला सांगा, यात आणि मास्तरांच्या इन्व्हेरियंटमध्ये फरक काय राहिला? शेवटी r * b^e च आलं.

दूरदेशी

फार नाही. मास्तर सुरुवातीपासून पुढे चालत येतात, आतापर्यंतच्या फेऱ्यांत काय टिकलं ते बघतात. तुमची सिद्धता इथून पुढे काय होईल ते बघते. पण प्रश्नात फेऱ्यांच्या संख्येवर असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून सांजवाराने मास्तरांच्या वाटेने जावं.

सांजवारा

मास्तर, पायरी केली. फेरीच्या सुरुवातीला r, b, e आणि शेवटी r', b', e' म्हणतो. दोन्ही बाबतींत b' = b*b.

सम: e = 2q. तेव्हा r' = r, e' = q. मग r' * b'^e' = r * (b*b)^q = r * b^(2q) = r * b^e.

विषम: e = 2q+1. तेव्हा r' = r*b, e' = q. मग r' * b'^e' = (r*b) * (b*b)^q = r * b^(2q+1) = r * b^e.

म्हणजे फेरीआधी a^n होतं तर फेरीनंतरही a^n. पण एक शंका आहे. P(k) म्हणजे "k फेऱ्यांनंतर r * b^e = a^n" असं लिहिलं आणि सगळ्या k साठी सिद्ध केलं, तर 13 ला लूप चार फेऱ्यांत थांबतो. मग P(5) म्हणजे काय? पाचवी फेरी होतच नाही.

खडूस_मास्तर

चांगली शंका. पेपर तपासताना नव्वद टक्के मुलांना ही पडतच नाही, आणि पडली नाही म्हणून मी मार्क कापतो. P(k) असं लिही: "लूपच्या k फेऱ्या पुऱ्या झाल्या असतील, तर त्या क्षणी r * b^e = a^n." फेऱ्या झाल्याच नसतील तर विधान आपोआप खरं, त्यात दावा कसलाच नाही. आणि k वरून k+1 वर जाताना "k+1 वी फेरी झाली" एवढं हातात मिळतं, त्यावरून त्या फेरीच्या सुरुवातीला e > 0 होता हेही मिळतं.

दूरदेशी

मास्तरांच्या इन्व्हेरियंटला माझा आक्षेप नाही, पण फेऱ्यांवर इंडक्शन म्हटल्यावर k सूत्रात दिसायला हवा असं मला वाटतं. k फेऱ्यांनंतर तिन्ही चलांची किंमत थेट लिहिता येते:

```
e = n // 2^k
b = a^(2^k)
r = a^(n mod 2^k)
```

13 ला k=3 घालून बघा. 13 ला 8 ने भागलं की भागाकार 1 आणि बाकी 5. तक्त्यात e=1, b=3^8=6561, r=3^5=243. तंतोतंत. यातून लूप काय करतोय ते उघड दिसतं: b म्हणजे चढत्या दोनच्या घातांची शिडी, आणि r मध्ये n चे शेवटचे k अंक जमा झालेत.

खडूस_मास्तर

सुंदर आहे, पण गरजेपेक्षा जास्त आहे. पायरी दाखवताना n mod 2^(k+1) आणि n mod 2^k यांचा संबंध मांडावा लागेल, n // 2^k चा पुन्हा // 2 केला की n // 2^(k+1) च येतो हे दाखवावं लागेल. मुलं तिथे घसरतात. r * b^e ला यातलं काहीच लागत नाही, e सम की विषम एवढंच पुरतं. उद्या कोणी विषम e ला निम्मा न करता नुसता एकने कमी केला आणि त्या फेरीत b चा वर्गही केला नाही, तर तुमची तिन्ही सूत्रं मोडतील. माझा इन्व्हेरियंट टिकेल.

दूरदेशी

टिकेल, मान्य. पण किती फेऱ्या झाल्या, r मध्ये आता काय आहे, हे तुमचा इन्व्हेरियंट कधीच सांगणार नाही. कोड तपासताना मला ते लागतं. असो, आपलं हे भांडण जुनंच आहे.

शब्दभ्रमर

या पद्धतीचं मूळ आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, हे कोणी बोललंच नाही! n अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतात, म्हणजे 2 चा n वा घात, ते काढायला त्याने सूत्रंच दिली आहेत: द्विरर्धे, रूपे शून्यम्, द्विः शून्ये, तावदर्धे तद्गुणितम्. निम्मं करता आलं तर "दोन" लिही, नाहीतर एक वजा करून "शून्य" लिही. मग उलट फिरताना शून्याला दुप्पट कर आणि दोनाला वर्ग.

खडूस_मास्तर

खरं आहे, आणि करून बघण्यासारखं आहे. 13 घ्या. 13 मधून एक वजा, शून्य. 12 चे 6, दोन. 6 चे 3, दोन. 3 मधून एक वजा, शून्य. 2 चा 1, दोन. 1 मधून एक वजा, शून्य. आता 1 घेऊन उलट फिरा: दुप्पट 2, वर्ग 4, दुप्पट 8, वर्ग 64, वर्ग 4096, दुप्पट 8192. हाच 2 चा 13 वा घात.

पण शब्दभ्रमर, हा सांजवाराचा लूप नव्हे. पिंगल आधी खाली उतरतो, खुणा लिहून ठेवतो, आणि गुणाकार परतीच्या वाटेवर करतो. परतताना घातांक 0, 1, 2, 3, 6, 12, 13 असे येतात आणि हातातली संख्या दर वेळी 2 चा नेमका तेवढाच घात असते. म्हणजे इन्व्हेरियंट वेगळा, r = 2^m, जिथे m हा तुम्ही परत पोचलेला आकडा. थकबाकीसाठी b ची गरजच नाही. गंमत म्हणजे कोकणकन्यांना जे "आतापर्यंत उरकलेला घातांक" म्हणायचं होतं, ते इथे बरोबर बसतं.

कोकणकन्या

बघा, मी फक्त दोन हजार वर्षं मागे होते.

नटबोल्ट

अभ्यासक्रमाचा नाही, कामाचा अनुभव सांगतो. मी होतो त्या एका ठिकाणी हाच लूप होता, कुणीतरी "नीटनेटका" करताना b चा वर्ग if च्या वर नेला:

```
    while e > 0:
        b = b * b
        if e % 2 == 1:
            r = r * b
        e = e // 2
```

टेस्ट होत्या: पाया 0, पाया 1, घातांक 0. तिन्ही पास. माल पुढे गेला आणि हिशोब भलतेच यायला लागले. मला शोधायला बसवलं तेव्हा इन्व्हेरियंट वगैरे माहीत नव्हता, छापून छापून शोधलं.

दूरदेशी

त्या टेस्ट पास होणारच. विषम बाबतीत आता r' = r * b^2 आणि b' = b^2, म्हणून r' * b'^q = r * b^(2q+2). e हवा होता 2q+1, एक b जास्तीचा आला. दर विषम फेरीला r मध्ये b ऐवजी b चा वर्ग जातो, म्हणजे शेवटी a^n ऐवजी a^(2n) येतो. पाया 0 किंवा 1 असेल, किंवा n = 0 असेल, तर a^(2n) आणि a^n सारखेच. 2 चा पहिला घात विचारला असता तर 4 आले असते आणि तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं. सम बाबतीत मात्र इन्व्हेरियंट शाबूत आहे. कागदावर दोन ओळी मांडल्या की चूक नेमकी कुठल्या फांदीवर आहे ते दिसतं, हा याचा खरा उपयोग.

बंडू_बिनधास्त

बघा, मी म्हटलं होतं, 0 ते 1000 घाला. सापडलं असतं.

नटबोल्ट

हो बंडूशेठ, तुमच्या पद्धतीने सापडलं असतं. आमच्यांनी तीनच घातले.

बंडू_बिनधास्त

मग आता मीच एक काडी टाकतो. 3 चा 16 वा घात 43046721, हा 32 बिटच्या int मध्ये आरामात मावतो, मर्यादा 2147483647 आहे. पण लूप शेवटच्या फेरीत r घेऊन झाल्यावरही b चा वर्ग करतो. म्हणजे b = 3^32, सोळा आकडी संख्या. उत्तर मावतंय, पण वाटेत नको असलेला b फुटतो. तुमची सिद्धता याबद्दल काय म्हणते?

दूरदेशी

काडी चांगली आहे. पायथॉनमध्ये पूर्णांक हवे तेवढे वाढतात, तिथे प्रश्नच नाही. जावामध्ये int गुंडाळला जातो, म्हणजे सगळं 2^32 ने भागून उरलेल्या बाकीत चालतं. वरच्या दोन्ही बाबतींची बीजगणितं बाकीच्या गणितातही जशीच्या तशी खरी आहेत, त्यामुळे खरं उत्तर मावणारं असेल तर r बरोबरच येतो. b कचरा झाला तरी e तोवर शून्य असतो, म्हणून तो कचरा कुणी वाचत नाही. सी मध्ये मात्र चिन्ह असलेला पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की पुढे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. तिथे शेवटचा वर्ग टाळायलाच हवा. e निम्मा करून घ्यायचा आणि तो 0 नसेल तरच b चा वर्ग करायचा.

सांजवारा

आता पूर्ण उत्तर असं लिहिलंय, बघाल का?

P(k): लूपच्या k फेऱ्या पुऱ्या झाल्या असतील, तर r * b^e = a^n. k = 0 ला r=1, b=a, e=n, म्हणून 1 * a^n = a^n. P(k) खरं धरून k+1 वी फेरी झाली असेल तर वर लिहिलेल्या सम आणि विषम दोन बाबी. म्हणून सगळ्या k साठी P(k). e दर फेरीला निम्मा होतो म्हणून लूप थांबतो. थांबतो तेव्हा e = 0, म्हणून r * b^0 = r = a^n.

खडूस_मास्तर

एक भोक आहे. "थांबतो तेव्हा e = 0" हे कुठून आलं? लूपची अट e > 0 आहे. ती खोटी ठरली की फक्त e <= 0 कळतं. n = -3 देऊन बघ: लूप एकदाही चालत नाही, r = 1 परत येतो, आणि तुझा P(0) तरीही खरा आहे, 1 * a^(-3) = a^(-3). चूक तुझ्या शेवटच्या ओळीत शिरते. म्हणून इन्व्हेरियंटमध्येच e >= 0 जोड. सुरुवातीला n >= 0 दिलंय म्हणून ते खरं, आणि 0 पेक्षा मोठ्या संख्येचा निम्मा ऋण होत नाही म्हणून फेरीनंतरही खरं. मग e >= 0 आणि e <= 0 मिळून e = 0. आणि "निम्मा होतो म्हणून थांबतो" याऐवजी लिही: e > 0 असेल तर e // 2 < e, आणि शून्याच्या खाली न जाणारा पूर्णांक कायम उतरत राहू शकत नाही.

अवकाळी

मग अट `while e != 0` लिहिली तर? बाहेर पडताना e = 0 आयतंच मिळतं. e >= 0 ची कटकट नको.

खडूस_मास्तर

बाहेर पडलात तर मिळतं. पायथॉनमध्ये -3 // 2 = -2, -2 // 2 = -1, आणि -1 // 2 पुन्हा -1. तिथेच अडकून बसतो. पायथॉन -3 ला 2 ने भागल्यावर बाकी 1 च देतो, त्यामुळे तुमचा r * b^e = a^n दर फेरीला खराच राहतो (a शून्य नसला की झालं), b मात्र फुगत जातो आणि मशीन धापा टाकायला लागतं. इन्व्हेरियंट शंभर टक्के खरा आणि उत्तर कधीच नाही. e >= 0 कटकट वाटली तरी लूप थांबतो हे दाखवताना ती लागतेच.

सांजवारा

e >= 0 घातलं, थांबण्याची ओळ बदलली. उद्या देतोय. दूरदेशी, तुमची तीन सूत्रं शेवटी टीप म्हणून लिहू का?

दूरदेशी

लिही, पण सिद्धता म्हणून नको. मास्तरांसारखे कोणी तपासणारे असले तर "गरजेपेक्षा जास्त" असा शेरा येईल.

खडूस_मास्तर

शेरा येईल, मार्क कापले जाणार नाहीत.

हिशोबी_म्हातारा

माझा एक प्रश्न राहिलाच. मी चक्रवाढ व्याजासाठी 1.01 चा 365 वा घात दोन प्रकारे काढला, एकदा साध्या लूपने आणि एकदा या लूपने. शेवटचे एक-दोन आकडे जुळत नाहीत. दोन्ही सिद्ध असतील तर उत्तर एकच नको का?

दूरदेशी

काका, विषम बाबतीत (r*b) * (b*b)^q हे r * b^(2q+1) ला समान म्हणताना आपण कंस इकडचे तिकडे केले. पूर्णांकांत ते चालतं, बाकीच्या गणितातही चालतं. दशांश अपूर्णांक मशीनमध्ये प्रत्येक गुणाकाराला तोडून साठवले जातात, आणि तिथे कंस बदलले की शेवटचा आकडा बदलू शकतो. त्यामुळे तिथे हा इन्व्हेरियंट अगदी बरोबर राहत नाही, फक्त जवळपास खरा राहतो.

हिशोबी_म्हातारा

जवळपास म्हणजे किती जवळ? साध्या लूपमध्ये 365 वेळा तोडलं जातं, इथे जेमतेम पंधरा-सोळा वेळा. म्हणजे इथे चूक कमीच असणार ना?

खडूस_मास्तर

तेवढ्यावरून नाही म्हणता येणार. b मध्ये आलेली चूक दर वर्गाला दुप्पट होते. वेगळा धागा काढा, इथे सांजवाराची असाइनमेंट आहे.